तुला हवी होती तशी कादंबरी

मीनल, प्रवासासाठी काहीतरी सुचव म्हणालीस, त्यावर दोन दिवस विचार केला आणि शेवटी माझ्या सगळ्यात लाडक्या पुस्तकापाशीच आले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. आतापर्यंत तुला ती का दिली नाही, याचं मलाच नवल वाटतंय.

मागची जाडजूड कादंबरी तू अर्ध्यावर टाकलीस, कारण लेखक दर चार पानांनी गोष्ट थांबवून आपल्याला शहाणं करायला बसायचा. इथे तसं एकदाही होत नाही. माणूस कसा बसतो, कसा बोलतो, काय बोलायचं टाळतो एवढंच माडगूळकर दाखवतात आणि बाजूला होतात. ते चित्रकारही होते, ते वाचताना जाणवतं. दोन-तीन रेघांत माणूस उभा! तू लोकांचे हात बघत बसतेस ना, तशीच ही नजर आहे.

गोष्ट सांगणार नाही, फक्त सुरुवात सांगते. औंध संस्थानातला एक कोवळा पोरगा मास्तर म्हणून माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर रुजू व्हायला पायी निघालाय. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागे रानात. मास्तर स्वतःच सगळं सांगतो. परक्या माणसाला एखादं गाव कसं हळूहळू आपलं म्हणायला लागतं, की लागतच नाही, हे तू सध्या नव्या नोकरीच्या जागी रोज अनुभवते आहेस. म्हणूनही हेच पुस्तक, आणि आत्ताच.

कारभाऱ्याकडे नीट लक्ष दे. बाकी कुणाबद्दल काही बोलत नाही, तुझं तू ठरव कोण आवडतं ते. माझं माणूस दर वाचनात बदललं.

संवाद माणदेशी बोलीत आहेत. पहिली काही पानं जीभ अडखळेल, तेव्हा मनातल्या मनात न वाचता पुटपुटत वाच, लगेच कान बसतो. आणि तुला रडवायला टपलेली पुस्तकं आवडत नाहीत हे माहीत आहे. हे तसं नाही. पण पुस्तक मिटल्यावर मी बराच वेळ कुणाशी बोलले नव्हते, एवढं सांगून ठेवते.

दोन गोष्टी मात्र पाळ. मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचू नकोस. आणि अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये यावर केलेला चित्रपट आधी बघू नकोस, वस्ती पहिल्यांदा तुझ्या डोळ्यांनी उभी राहू दे.

छोटी आहे, जाता-येता सहज संपेल. पण जातानाच संपवू नकोस, थोडी परतीसाठी ठेव. माझी प्रत उद्या संध्याकाळी आणून देते. पेन्सिलच्या खुणा दिसतील, त्यांच्याकडे पहिल्या वाचनात दुर्लक्ष कर. संपली की रात्री कितीही वाजले असले तरी फोन कर.