जर्मनीतल्या इलेक्ट्रिशियनच्या जाहिरातीचं भाषांतर, खुलाशासह

ओंकार, नमस्कार.

तुमच्या आतेभावाने स्टुटगार्टजवळून पाठवलेल्या फोटोवरून हे भाषांतर केलं आहे. चौकोनी कंसातला मजकूर माझा, बाकीचा जाहिरातीतला. भाषांतर तुम्हाला समजण्यापुरतं आहे, अर्जाला जोडायचं नाही. तिथे शपथबद्ध भाषांतरकाराची सही-शिक्क्याची प्रत लागते, आणि तीही तुमच्या प्रमाणपत्रांची, जाहिरातीची नव्हे.

इलेक्ट्रिशियन पाहिजे (m/w/d)
ऊर्जा व इमारत-विद्युत शाखा
1 ऑक्टोबरपासून [हाताने लिहिलेलं], मुदतबंदी नाही, पूर्णवेळ, आठवड्याला 38.5 तास

काम: निवासी व व्यावसायिक इमारतींत वायरिंग, वितरण पॅनेल बसवणे व जोडणे, बिघाड शोधणे, हलवता येणाऱ्या विद्युत उपकरणांची डीजीयूव्ही नियम 3 प्रमाणे तपासणी.

अपेक्षा: या शाखेतली पूर्ण झालेली आउसबिल्डुंग किंवा तत्सम पात्रता, गेझेले म्हणून किमान 2 वर्षांचा अनुभव, वाहन परवाना वर्ग बी, जर्मन बी1.

आम्ही देतो: महिना 3,2_0 युरो ब्रुटो [दशकाचा आकडा वाचता येत नाही], वर्षाला 30 दिवस रजा, कामाचे कपडे व हत्यारं.

अर्ज: बायोडेटा आणि त्सॉयग्निस यांसह [पुढचा पत्ता कापला गेला आहे].

आधी फोटोबद्दल. कागद प्लास्टिकच्या पाकिटात आहे आणि पगाराच्या ओळीवर ट्यूबलाइटची चकाकी पडली आहे. रक्कम 3,200 ते 3,290 च्या मध्ये कुठेतरी आहे, याहून जास्त मी सांगणार नाही. मूळ कागदावर हजारानंतर टिंब आहे. जर्मनीत हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम लावतात. म्हणूनच तासांपुढे 38,5 दिसतं, ते साडेअडतीस. तारखेतला पहिला आकडा तुम्ही 7 वाचलात. तो 1 आहे. हाताने लिहिताना जर्मन लोक 1 ला वर लांब तिरकी रेघ देतात आणि 7 च्या पोटात आडवी रेघ मारतात. इथे पोटात रेघ नाही.

एका शब्दावर बरेच जण फसतात, म्हणून तो सुट्टा सांगतो. कामाच्या शेवटच्या ओळीत ‘प्रूफुंग’ आहे. शब्दकोशात पहिला अर्थ परीक्षा असा मिळतो, आणि ‘उपकरणांची परीक्षा द्यावी लागेल’ असं काहीतरी विचित्र तयार होतं. इथे अर्थ तपासणी: ड्रिल मशीन, एक्स्टेंशन बोर्ड यांचं इन्सुलेशन आणि अर्थिंग मोजून नोंद करणं. त्याच ओळीतली डीजीयूव्ही ही तिथल्या सक्तीच्या अपघात विम्याची संघटना आहे.

आता पात्रता. आउसबिल्डुंग म्हणजे पदवीही नव्हे आणि नुसतं ट्रेनिंगही नव्हे. या शाखेत ती साडेतीन वर्षांची असते. मुलगा कंपनीत कामाला असतो, पगार घेतो आणि व्यवसायशाळेतही जातो. शेवटी परीक्षा होते आणि त्यानंतर तो गेझेले होतो, म्हणजे परीक्षा दिलेला तयार कारागीर. तुमची आयटीआय इलेक्ट्रिशियन दोन वर्षांची, बहुतेक संस्थेच्या वर्कशॉपमध्ये झालेली. म्हणून ‘आयटीआय म्हणजेच आउसबिल्डुंग’ असं अर्जात लिहू नका. ‘इलेक्ट्रिशियन ट्रेड, 2 वर्षे, एनसीव्हीटी’ असं लिहा आणि कोर्सचा अभ्यासक्रम तासांसह जोडा. तिथले लोक प्रमाणपत्राच्या नावापेक्षा आत काय शिकवलं ते पाहतात.

ही तुलना इमारत-विद्युत शाखेसाठी त्या भागातलं हांटव्हेर्क्सकामर, म्हणजे कारागिरी व्यवसायांचं मंडळ करतं. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनचा अर्ज मात्र न्युरेनबर्गच्या आयएचके फोझा या मान्यता केंद्राकडे जातो. चुकीच्या दारात अर्ज गेला तर वेळ फुकट जातो. कोणतं दार आपलं, हे anerkennung-in-deutschland.de वर व्यवसायाचं नाव टाकून पाहता येतं. निकाल पूर्ण मान्यता, अंशतः मान्यता किंवा अमान्य असा येतो. तुमच्या बाबतीत अंशतः येण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि त्यात निराश होण्यासारखं काही नाही. काय कमी आहे ते त्या पत्रात लिहिलेलं असतं, आणि उणिवांपैकी काही अनुभवाने भरून निघतात. मार्च 2024 पासून आणखी एक वाट आहे: नोकरीचा करार, किमान दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण आणि जर्मन भाषेची ए2 पातळी असेल, तर तिथे जाऊन काम करता करता मान्यतेचं काम पुढे नेता येतं. मात्र मालक त्याच्या वरची बी1 पातळी मागतोय, त्यामुळे व्हिसासाठी ए2 पुरलं तरी या नोकरीला पुरेलच असं नाही.

अनुभवाची ओळ नीट वाचा. ‘गेझेले म्हणून दोन वर्षे’ याचा अर्थ शिक्षण संपल्यानंतरची दोन वर्षे. आयटीआयनंतरचं अप्रेंटिसशिपचं वर्ष त्यात धरू नका, ते वेगळ्या ओळीत लिहा. मान्यता देणारे ते शिक्षणाच्या बाजूला मोजू शकतात. तुम्ही ‘तारकर्लीच्या रिसॉर्टमध्ये तीन वर्षे’ लिहिलं आहे. प्रत्यक्षात ते ऑक्टोबर ते मे असे तीन हंगाम आहेत, म्हणजे प्रत्येकी आठ महिने, एकूण 24. आपल्याकडे पावसात काम बंद राहतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं; जर्मन मालक तारखा मिळवून पाहतो आणि मधले चार महिने त्याला खोटं वाटतं. प्रत्येक हंगामाची सुरुवात आणि शेवट महिन्यासह लिहा, आणि कारण एका ओळीत द्या: ‘पर्यटन हंगामी, जून-सप्टेंबर बंद’. दोन वर्षांची अट तेवढ्यात बसते, फुगवायची गरज नाही.

त्सॉयग्निस हा शब्द शाळेच्या गुणपत्रिकेलाही वापरतात आणि मालकाच्या दाखल्यालाही. अर्जात दोन्ही जोडा. तुमच्या ठेकेदाराचा दाखला ‘अमुक तारखेपासून काम केले, वर्तन चांगले’ इतकाच आहे. त्याच्याकडून पुन्हा लिहून घ्या: आठवड्याचे तास, थ्री-फेज पॅनेल किती अँपिअरचं, पंपाचे स्टार्टर, खाऱ्या हवेने गंजलेल्या अर्थिंगच्या पट्ट्या बदलल्या त्या, इन्सुलेशन टेस्टर कुठला वापरला. हे शेवटचं या जाहिरातीतल्या तपासणीच्या ओळीशी थेट जुळतं, म्हणून ते वगळू नका. वायरमन परमिटही जोडा. तिथे ते परवाना म्हणून चालत नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी पडतं.

बाकीचं थोडक्यात. m/w/d म्हणजे पुरुष, स्त्री, इतर. कोणीही अर्ज करू शकतं. ब्रुटो म्हणजे कपातीआधीचा पगार. अविवाहित माणसाच्या हातात त्याच्या साधारण दोन तृतीयांश येतो. ‘मुदतबंदी नाही’ हे आपल्या सरकारी नोकरीसारखं कायम नव्हे: सुरुवातीला परिवीक्षाकाळ असतो, तो फार तर सहा महिन्यांचा, आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीने कुणीही थांबू शकतं. वर्ग बी म्हणजे मोटारगाडी. भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतो, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते.

आतेभावाला सांगा, कागद पाकिटातून बाहेर काढता आला तर उत्तम, नाहीतर ट्यूबलाइट पाठीमागे येणार नाही अशा बाजूने, कागदाच्या चारही कडा दिसतील असा फोटो काढायचा. पगाराची ओळ आणि खालचा पत्ता यांचे जवळून दोन वेगळे फोटो हवेत. व्हॉट्सॲपवर पाठवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचे, नाहीतर अक्षरं पुन्हा फुटतात. पत्ता मिळाला की अर्जाचं पत्र लिहायला घेऊ.