गणेशोत्सवातल्या सुट्ट्या, ऑफिसच्या वेळा आणि तातडीच्या कामांबद्दल

दि. १८ ऑगस्ट २०२५
सदाशिव पेठ, पुणे

सप्रेम नमस्कार,

बुधवारी, २७ ऑगस्टला गणपती बसतायत. त्या दिवशी ऑफिस पूर्ण बंद असेल. गुरुवारी, २८ तारखेला (ऋषिपंचमी) उघडेल ते दुपारी बारालाच. १ आणि २ सप्टेंबरला गौरी पूजन आणि विसर्जन. आमच्याकडे चौघींच्या घरी गौरी आहेत, त्यामुळे सोमवार-मंगळवार ऑफिस बंद. शनिवारी, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशीमुळे बंद. मिरवणूक रविवारीही चालते, पण तो आपला सुट्टीचाच वार. सोमवारी, ८ तारखेला साडेदहाला नेहमीप्रमाणे भेटू.

उत्सवात ज्या दिवशी ऑफिस उघडं आहे, त्या दिवशी वेळ सकाळी ९ ते दुपारी ४. संध्याकाळी पेठांमधले रस्ते गाड्यांना बंद होत जातात आणि आमचा निम्मा स्टाफ कोथरूड-धायरीहून येतो. तुम्हीही येणार असाल तर सकाळीच या, आणि शक्यतो मेट्रोने. मंडई स्टेशनपासून चालत या. गाडी लावायला जागा मिळेल या आशेवर निघू नका.

तातडीच्या कामांबद्दल जरा सविस्तर लिहितो. गेल्या वर्षी विसर्जनाच्या रात्री एका क्लायंटचा माल ई-वे बिलातल्या चुकीमुळे रस्त्यात अडवला गेला. ते ऑफिसच्या लँडलाइनवर फोन करत राहिले आणि बंद ऑफिसात रिंग वाजत राहिली. चूक आमची होती, कुणाला फोन करायचा हे आम्ही सांगितलंच नव्हतं. या वेळी लँडलाइन सुट्टीच्या दिवशी ऑफिसच्या मोबाइलवर वळवलेली असेल (आमच्या प्रत्येक बिलावर असतो तोच नंबर) आणि तो मोबाइल कुणाकडे आहे ते असं: २७ ऑगस्टला प्रशांतकडे, १ आणि २ सप्टेंबरला माझ्याकडे, ६ आणि ७ ला मेघनाताईंकडे. मेघनाताई वारज्यात राहतात, ढोल-ताशाच्या आवाजापासून लांब, म्हणून विसर्जनाची पाळी त्यांनी आपणहून घेतली आहे. सकाळी ९ ते रात्री ९ फोन उचलला जाईल. माल अडवला असेल तर वेळ बघू नका, रात्री दोनलाही करा.

तातडीचं म्हणजे काय? गाडी अडवली, अधिकारी दुकानात आले, जीएसटी नोंदणी रद्द करण्याची नोटीस आली (उत्तराला कामकाजाचे सातच दिवस असतात), बँक खातं गोठवलं. नोटिशीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलात की लगेच फोनही करा, नुसत्या मेसेजवर विसंबू नका. ‘रिफंड कधी येणार’ हे तातडीचं नाही. मला माहीत आहे की तुम्हाला ते वाटतं.

आता तारखा. आयकर विवरणपत्राची मुदत या वर्षी ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबर झाली आहे, म्हणजे विसर्जनानंतर हातात उरतो तो जेमतेम आठवडा. त्याच १५ तारखेला अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा दुसरा हप्ताही आहे. ज्यांचे कागद अजून आलेले नाहीत (यादी आमच्याकडे आहे, लहान नाही), त्यांनी ते शनिवारी, ३० ऑगस्टपर्यंत पाठवावेत. नंतर आलेले कागद आम्ही घेऊच, पण मग रांगेत जिथे नंबर लागेल तिथे. मुदत उलटली तर लेट फी ५,००० रुपये, उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर १,०००.

ऑगस्टचा टीडीएस भरण्याची शेवटची तारीख ७ सप्टेंबर, रविवार. त्यावर जाऊ नका. चलन आम्ही बुधवारी, ३ तारखेला पाठवू, गुरुवारी भरून टाका. एक दिवस उशीर झाला तरी व्याज दोन महिन्यांचं लागतं, महिन्याला दीड टक्क्याने.

आणि कोकणात जाणाऱ्यांसाठी खास. जीएसटीआर-१ ची मुदत ११ सप्टेंबर आहे आणि ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येतो. गावाला घरात रेंज नसते, ती आंब्याखाली उभं राहिल्यावर मिळते, हे आम्हाला दरवर्षी कळतं. ८ तारखेनंतरही गावीच असाल तर जाण्यापूर्वी मेघनाताईंना सांगून ठेवा, म्हणजे ओटीपीची वेळ आधी ठरवता येईल. आणि या दिवसांत पोर्टलचा पासवर्ड कृपया बदलू नका.

ऑफिसचा गणपती दीड दिवसाचा असतो. २८ ला दुपारी आलात तर आरती आणि उकडीचे मोदक मिळतील. कागद घेऊन आलात तरी चालेल.

आपला,
सुहास