इंटर्नशिप पूर्णता अहवाल: पाणी तपासणी प्रयोगशाळा

प्रति,
इंटर्नशिप समन्वयक, रसायनशास्त्र विभाग

कालावधी: 2 जून ते 12 जुलै 2025

अहवालाचा आधार

हा अहवाल प्रशिक्षणकाळात रोज लिहिलेल्या दैनंदिनीवरून तयार केला आहे. दैनंदिनीतील नोंदी तारखेनुसार असल्या, तरी एकाच कामाच्या नोंदी अनेक दिवसांत विखुरलेल्या असल्यामुळे येथे त्या कामांनुसार एकत्र केल्या आहेत. मोजमापांचे आकडे दैनंदिनीत लिहिले होते तसेच ठेवले असून नंतर स्मरणाने कोणताही आकडा भरलेला नाही. नमुने देणाऱ्या ग्राहकांची नावे गोपनीय असल्याने त्यांचा उल्लेख टाळला आहे.

नमुना घेणे आणि नोंदणी

पहिल्या आठवड्यातील नोंदी प्रामुख्याने नमुन्यांविषयी आहेत. जंतुतपासणीसाठी वापरायच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असते, कारण पाण्यात उरलेले क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहिले, तर नळावरचे पाणी प्रत्यक्षात होते त्यापेक्षा निर्धोक दिसते. म्हणूनच ही बाटली विसळायची नाही आणि काठोकाठ भरायची नाही, अशी सूचना मला पहिल्याच दिवशी मिळाली. रासायनिक तपासणीची बाटली मात्र त्याच पाण्याने विसळून घेतात. प्रत्येक नमुन्याला क्रमांक देणे, तो घेतल्याची वेळ लिहिणे आणि तो थंड पेटीतून आणला आहे की नाही हे पाहणे, ही कामे मी पुढे स्वतंत्रपणे केली.

रासायनिक तपासणी

पीएच, विद्युतवाहकता, गढूळपणा आणि एकूण कठीणपणा या चाचण्या मी पर्यवेक्षकांच्या देखरेखीखाली केल्या. पीएच मीटर रोज सकाळी प्रमाण बफर द्रावणांनी तपासूनच वापरला जात असे.

सर्वाधिक नोंदी एकूण कठीणपणाच्या आहेत. 50 मिलिलिटर नमुन्यात अमोनिया बफर घालून पीएच 10 च्या आसपास आणायचा, इरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकायचा आणि 0.01 मोलर ईडीटीए द्रावणाने लालसर रंग पूर्ण निळा होईपर्यंत अनुमापन करायचे, अशी ही पद्धत आहे. उदाहरणार्थ, एका नमुन्याला 12.4 मिलिलिटर ईडीटीए लागले, म्हणजे त्याचा कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात लिटरला 248 मिलिग्रॅम आला.

नोंदी एकत्र वाचताना लक्षात आलेली बाब

कठीणपणाच्या सर्व नोंदी एका ठिकाणी मांडल्यावर जी गोष्ट दिसली, ती मला या प्रशिक्षणातील सर्वांत मोलाची वाटते. ‘रंगबदल संथ, अंतिम बिंदू अस्पष्ट’ असा शेरा जूनच्या अखेरीस सलग काही दिवस आला होता आणि त्या दिवसांत एकाच नमुन्याची दोन वाचने 12.1 आणि 12.9 इतकी वेगळी होती. सुटे शेरे वाचताना तो त्या-त्या नमुन्याचा गुण वाटत होता. पण हे सर्व दिवस अमोनिया बफरच्या एकाच जुन्या बाटलीचे आहेत आणि नवे बफर केलेल्या दिवसापासून तो शेरा पुन्हा आलेला नाही. बाटली वारंवार उघडल्याने अमोनिया उडून जातो, पीएच पुरेसा चढत नाही आणि दर्शकाचा रंग झटकन बदलत नाही. मी हा तक्ता पर्यवेक्षकांना दाखवला. त्यांनी राखून ठेवलेला तोच नमुना ताज्या बफरने पुन्हा तपासायला सांगितला, तेव्हा दोन्ही वाचने 12.4 आली. त्यानंतर बफरच्या बाटलीवर ती तयार केल्याची आणि उघडल्याची तारीख लिहिण्यास सुरुवात झाली.

जंतुतपासणी

या विभागात माझे काम निरीक्षण आणि पूर्वतयारीपुरते होते. मॅककॉन्की ब्रॉथ तयार करणे, ऑटोक्लेव्हमध्ये नळ्या निर्जंतुक करणे आणि उबवणीनंतर डरहॅम नळीत वायू साठला आहे का ते पाहून नोंद करणे, एवढा सहभाग मी घेतला. कोलिफॉर्मविषयीचा निष्कर्ष प्रयोगशाळेचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञच देत असत.

राहिलेले काम आणि सूचना

अणू शोषण वर्णपटमापक दुरुस्तीत असल्याने जड धातूंची तपासणी पाहता आली नाही. प्रशिक्षणाच्या मूळ आराखड्यातील हा एकच भाग अपूर्ण आहे. विभागाने दैनंदिनीच्या नमुन्यात ‘वापरलेले द्रावण आणि ते तयार केल्याची तारीख’ असा रकाना वाढवावा, अशी माझी विनंती आहे. वरील तक्ता करताना ही माहिती मला प्रयोगशाळेच्या द्रावण नोंदवहीतून वेगळी शोधावी लागली.

सोबत: मूळ दैनंदिनी, पर्यवेक्षकांच्या स्वाक्षरीचे उपस्थितीपत्रक, कठीणपणाच्या नोंदींचा तक्ता आणि प्रयोगशाळेचे पूर्णता प्रमाणपत्र.

सादरकर्ती,
विद्यार्थिनी, तृतीय वर्ष बी.एस्सी., रसायनशास्त्र