वेंगुर्ल्याचा काजूगर: यंदाचा माल, पॅकिंग १२ मे

डब्ल्यू २४०, अख्खा पांढरा. किलोत ४८५ ते ५३० गर, ओलावा ४ टक्के. ५ च्या वर गेला की गर मऊ पडतो आणि लवकर खवट होतो, म्हणून प्रत्येक खेपेचा ओलावा मोजूनच पाकिटात भरतो. एक गर मोडून बघा, कट्कन तुटेल. सालपटाचा लाल कण चिकटलेला दिसणार नाही. किलो ₹१,१५०.

डब्ल्यू ३२०: किलोत ६६० ते ७०६, ₹९८०. चव तीच, दाणा लहान. कतलीसाठी मोठ्या दाण्याचे पैसे घालवू नका, हाच घ्या.

पाकळी ₹८२०, वाटणाला. मोजणी लागू नाही.

बेदाणे वाशी मार्केटमधून, ओलावा १५ टक्के, ₹३८०.

काजू अर्धा-एक किलोच्या व्हॅक्यूम पाकिटात, सहा महिने टिकतो. पाकीट फुगलेलं आलं तर फोडू नका, फोटो पाठवा, बदलून देतो. फोडल्यावर मात्र घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडा काजू दोन दिवसांत सादळतो.