मांजरा खोऱ्यातली टंचाई आणि भूजल: सटीप संदर्भसूचीचा तक्ता, पहिला हप्ता

मॅडम,

आपण दिलेल्या वाचनयादीत ७१ नोंदी होत्या. त्यातल्या ९ दुबार निघाल्या. १४ बातम्या, भाषणं आणि विषयाबाहेरचे लेख बाजूला काढले. उरलेल्या ४८ पैकी ३३ ना छापील सारांश आहे. १५ अहवाल आणि पुस्तकांना तो नाही, म्हणून त्यांची प्रस्तावना, शिफारशींचं प्रकरण आणि परिशिष्टं पाहून टीप लिहिली. या हप्त्यात ९ ओळी जोडल्या आहेत. आढाव्याचा सांगाडा याच नऊंवर उभा राहतो.

बाजूला काढलेल्या १४ नोंदी पुसल्या नाहीत. 'वगळलेले' नावाच्या वेगळ्या पानावर कारणासह ठेवल्या आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्याच्या पाच बातम्या त्यात आहेत. प्रस्तावनेत ती घटना जरूर यावी, पण बातमीला पद्धत नसते, म्हणून तक्त्यात तिला ओळ नाही.

दुबार नोंदी नुसत्या नजरेने सापडत नाहीत. ड्रेझ यांचा दुष्काळ-निवारणावरचा निबंध यादीत दोनदा होता: एकदा १९८८ चा कार्यनिबंध म्हणून आणि एकदा १९९० च्या संपादित ग्रंथातलं प्रकरण म्हणून. साल वेगळं, प्रकाशक वेगळा, काम तेच. प्रकरण ठेवलं आणि कार्यनिबंधाचं साल शेऱ्यात टाकलं. शीर्षकं आधी एका साच्यात आणली, मग मोजली:

```
F2:  =LOWER(TRIM(CLEAN(C2)))
G2:  =COUNTIF($F$2:$F$72,F2)
```

G मध्ये १ पेक्षा मोठा आकडा आला की ती ओळ हाताने तपासायची. इथे एक खोट आहे. शीर्षकात प्रश्नचिन्ह असेल तर `COUNTIF` त्याला 'कोणतंही एक अक्षर' समजतं, आणि २५५ अक्षरांपेक्षा लांब मजकुरावर ते चालतच नाही. म्हणून प्रश्नार्थक शीर्षकं आणि लांब उपशीर्षकं असलेल्या नोंदी डोळ्यांनी पाहिल्या.

मराठी अहवालांचं दुखणं निराळं. जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पीडीएफमधून मजकूर उचलला की अक्षरांऐवजी चिन्हांचा भुसा हाती येतो. असे सहा अहवाल होते. त्यांची शीर्षकं आणि सारांशाच्या ओळी युनिकोडमध्ये नव्याने टंकलिखित केल्या. फाइल पुढे पाठवताना `CSV UTF-8` हाच प्रकार निवडावा, नाहीतर सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. पृष्ठांक आणि कालमानाचे स्तंभ आधीच 'मजकूर' करून ठेवले आहेत. तसं नसेल तर एक्सेल '3-12' या पृष्ठांकाची तारीख करून टाकतं आणि मूळ आकडा परत मिळत नाही.

आता मुख्य गोष्ट. स्रोत, प्रश्न, निष्कर्ष, मर्यादा हे स्तंभ कुठल्याही तक्त्यात असतात. आम्ही त्यात 'एकक आणि काळ' हा स्तंभ घातला आणि सगळ्यात जास्त वेळ त्यावरच गेला, कारण सारांशात ही माहिती क्वचित असते. लेखक 'मराठवाडा' लिहून मोकळा होतो. कुठला मराठवाडा, ते पद्धतीच्या प्रकरणात किंवा आकड्यांच्या तक्त्याखालच्या बारीक टिपेत सापडतं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात पाच जिल्हे होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. १९८१ मध्ये जालना झाला, १९८२ मध्ये लातूर, १९९९ मध्ये हिंगोली. म्हणजे १९७३ च्या अहवालातल्या 'उस्मानाबाद जिल्ह्या'च्या आकड्यात आजच्या लातूरचा मोठा भाग आहे. तो आकडा आजच्या धाराशिवच्या आकड्याशेजारी ठेवला तर पेरा, विहिरी, रोजगाराची कामं सगळंच घटल्यासारखं दिसेल, आणि ती घट खोटी असेल. यादीतल्या तीन शोधनिबंधांत नेमकी हीच तुलना आहे. त्यांच्या ओळी पुढच्या हप्त्यात येतील तेव्हा मर्यादेच्या स्तंभात हे स्पष्ट लिहिलेलं असेल.

नावांबाबत नियम एकच ठेवला: शीर्षकात छापलं आहे तेच नाव तसंच राहील, आजचं नाव फक्त एककाच्या स्तंभात येईल. शीर्षकातलं 'औरंगाबाद' बदलून छत्रपती संभाजीनगर केलं तर ग्रंथालयाच्या सूचीत तो स्रोत पुन्हा सापडणार नाही.

शेवटच्या स्तंभातल्या खुणा: 'पू' म्हणजे पूर्ण वाचलं, 'नि' म्हणजे निवडक प्रकरणं, 'सा' म्हणजे फक्त सारांश. 'सा' खूण असलेल्या ओळीवरून आढाव्यात निष्कर्ष उद्धृत करू नये, ही विनंती.

| क्र. | स्रोत | प्रश्न आणि पद्धत | एकक आणि काळ | हाती काय लागतं | मर्यादा, आढाव्यातली जागा | खूण |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | विल्हाइट आणि ग्लान्ट्झ, १९८५, नियतकालिकातला लेख | दुष्काळाच्या दीडशेहून अधिक प्रसिद्ध व्याख्यांची छाननी | एकक नाही, संकल्पनेचा लेख | व्याख्यांचे चार गट: हवामानशास्त्रीय, शेतीविषयक, जलशास्त्रीय, सामाजिक-आर्थिक | 'टंचाई' ही आपली प्रशासकीय संज्ञा या चारांत सरळ बसत नाही. पहिल्या प्रकरणात हे मांडावं. | पू |
| २ | मॅकी, डोस्केन आणि क्लाइस्ट, १९९३, परिषदेतला निबंध | प्रमाणित पर्जन्य निर्देशांकाची मांडणी | पर्जन्यमापन केंद्र. ३, ६, १२, २४, ४८ महिने | निर्देशांक सलग ऋण राहून −१ किंवा त्याखाली गेला की दुष्काळ धरायचा | किमान ३० वर्षांच्या मासिक नोंदी लागतात. पाऊस मोजतो, विहिरीतलं पाणी नाही. | पू |
| ३ | दांडेकर समिती, १९८४, सत्यशोधन अहवाल | प्रादेशिक असमतोल मोजणे | जिल्हा | राज्याच्या सरासरीखाली जिल्हा जितका, तितका 'अनुशेष' | जिल्ह्याच्या आतला फरक दिसत नाही. मांजराकाठ आणि बालाघाटचं पठार एकाच आकड्यात जातात. | नि |
| ४ | ड्रेझ, १९९०, संपादित ग्रंथातलं प्रकरण (कार्यनिबंध १९८८) | १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळाचा उपासमारीने बळी घेणारा प्रकोप का झाला नाही | राज्य, काही ठिकाणी जिल्हा. १९७०-७३ | सार्वजनिक कामांवरची मजुरी हा मुख्य आधार. मे १९७३ मध्ये कामावर सुमारे ५० लाख माणसं. | जिल्ह्याचे आकडे जुन्या पाच जिल्ह्यांचे. भूजलाचा विचार नाही. | पू |
| ५ | भूजल मूल्यांकन पद्धती, १९९७, केंद्र सरकारची समिती | भूजल भरणा आणि उपसा मोजण्याची पद्धत | कठीण खडकात पाणलोट | झिजलेल्या, सच्छिद्र बेसाल्टचा विशिष्ट जलदेय २ टक्के, पल्ला १ ते ३ | १ धरला की ३ यावर पातळीच्या चढउतारातून काढलेला भरणा तिप्पट बदलतो. क्र. ६ सोबतच वाचावं. | पू |
| ६ | भूजल मूल्यांकन पद्धती, २०१५ | वरच्याच पद्धतीची सुधारणा | वरीलप्रमाणे | उपशाचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित, त्यापुढे अतिशोषित | १९९७ च्या पद्धतीने काढलेल्या वर्गवारीशी थेट तुलना करू नये. | पू |
| ७ | महाराष्ट्र जल व सिंचन आयोग (चितळे आयोग), १९९९ | राज्याच्या पाण्याचं दीर्घकालीन नियोजन | नदी उपखोरं. राज्यात एकूण २५ | पाण्याचा हिशेब जिल्ह्याऐवजी खोऱ्याच्या चौकटीत | क्र. ३ शी आकडे जुळवता येत नाहीत. मांजरा उपखोऱ्याचा भाग अजून वाचायचा आहे. | नि |
| ८ | महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ | कायदा | राज्य | विहिरी आणि उपसा यांच्या नियमनाची चौकट | नावात २००९, अधिनियम क्रमांक २०१३ चा, अंमल २०१४ पासून. अमलाचा प्रश्न असेल तर २०१४ धरावं. | पू |
| ९ | काळे, २०१७, साप्ताहिकातला लेख | महाराष्ट्रातल्या शेततळ्यांचा प्रत्यक्ष वापर | शेततळं, गाव | पावसाचं वाहतं पाणी साठवण्याऐवजी विहिरी-बोअरचं पाणी उपसून तळी भरली जातात | क्र. ५ आणि ६ मध्ये तळ्याच्या बाष्पीभवनाचा तोटा कुठे धरायचा, हा खरा प्रश्न. | पू |

टीप कशी तयार झाली ते एका ओळीवर दाखवतो, म्हणजे पडताळणी सोपी जाईल. ओळ ९ चा पहिला मसुदा असा होता: 'शेततळ्यांच्या वापरातल्या अडचणींची चर्चा केली आहे.' हे वाक्य शीर्षकाचाच मराठी अवतार आहे. त्याने वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. दुसऱ्या मसुद्यात 'चर्चा केली आहे' काढून लेख काय म्हणतो ते लिहिलं: तळी उपशाच्या पाण्याने भरतात. तिसऱ्यात त्याचा आपल्या प्रश्नाशी सांधा जोडला. अस्तर घातलेल्या उघड्या तळ्यात भूजल आणून ठेवलं की त्यातलं काही उन्हात उडून जातं आणि उरलेलं परत मुरत नाही, म्हणून भूजलाच्या हिशेबात त्याची जागा ठरवावी लागते. 'प्रकाश टाकला आहे', 'आढावा घेतला आहे', 'महत्त्व विशद केले आहे' ही तिन्ही क्रियापदं ४८ ही मसुद्यांत शोधून काढली आहेत. मर्यादा ६० शब्दांची ठेवली होती. ओळ ५ मात्र त्यात बसेना, म्हणून जलदेयाचं गणित वेगळ्या टिपेत नेलं.

ते गणित इथेच देतो. पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरींची पातळी सरासरी ४ मीटरने वाढली आणि पाणलोटाचं क्षेत्र १०० चौरस किलोमीटर असेल, तर साठ्यातली वाढ = क्षेत्र × चढ × विशिष्ट जलदेय. जलदेय १ टक्का धरला तर ४० लाख घनमीटर, २ टक्के धरला तर ८० लाख, ३ टक्के धरला तर १ कोटी २० लाख. विहिरी त्याच, पाऊस तोच. म्हणून यादीतल्या प्रत्येक भूजल-निबंधातून जलदेयाचा आकडा काढून एककाच्या स्तंभात लिहायला सुरुवात केली आहे. ज्यात तो दिलेलाच नाही तिथे 'दिलेला नाही' असंच लिहितो. रिकामा चौकोन ठेवला तर आम्ही पाहायचं विसरलो की लेखकाने दिलं नाही, हे सहा महिन्यांनी कुणाला सांगता येणार नाही.

ओळींचा क्रम अकारविल्हे नाही आणि सालवारही नाही. व्याख्या आणि मोजणी (१, २), धोरण आणि मदत (३, ४), भूजलाची पद्धत (५, ६), मग खोरं, कायदा आणि वापर (७ ते ९) असा लावला आहे. आढाव्याचे परिच्छेद याच क्रमाने लिहिता येतील. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची अकारविल्हे लागेल, ती झोटेरोमधून वेगळी निघेल. दोन्हीकडे एकच ओळख-क्रमांक ठेवला आहे, त्यामुळे इकडे दुरुस्त केलेलं तिकडे शोधता येईल.

तीन गोष्टी आपल्याकडून हव्या आहेत. एक, १९७३ च्या टंचाई-सर्वेक्षण समितीच्या, म्हणजे सुखटणकर समितीच्या, अहवालातली तालुक्यांची यादी. आमच्याकडच्या छायाप्रतीत परिशिष्टाची पानं नाहीत. दोन, ओळ ३ आणि ७ पैकी प्रबंधाचं मुख्य एकक कोणतं धरायचं, जिल्हा की उपखोरं. आमचं मत उपखोऱ्याचं आहे, कारण धनेगावच्या धरणात येणारं पाणी बीड-लातूरची हद्द पाहून येत नाही. पण रोजगार हमी आणि पीकपाण्याचे आकडे जिल्हा आणि तालुकावार मिळतात, तेव्हा ते उपखोऱ्यात वाटून घ्यायचं काम वाढेल. तीन, 'सा' खूण असलेल्या ११ निबंधांपैकी कोणते पूर्ण मागवायचे, ते खूण करून परत पाठवावं. ग्रंथालयाच्या आंतर-ग्रंथालय मागणीचा अर्ज सोमवारी जातो.