१४ जूनला शेवटचं शटर: भांडी आळीतल्या दुकानात उरलंय काय आणि कितीला

रविवार, १४ जून २०२६. रात्री साडेआठला शटर खाली येईल, ते दुसऱ्या दिवशी वर जाणार नाही. रविवार पेठेतल्या भांडी आळीतलं आमचं तांब्या-पितळेचं आणि स्टीलचं दुकान त्या दिवशी बंद होतंय.

‘दुकान बंद करणे आहे’ अशी पाटी लावून दहा-दहा वर्षं सेल चालवणारी दुकानं पुण्यात सगळ्यांनीच पाहिली आहेत. म्हणून आधी कारण सांगून टाकतो. शिवाय गेल्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकांनी तीन वेगवेगळी कारणं आम्हालाच ऐकवली! दुकान तोट्यात नाही, कुणाचं देणं नाही. वाडा पाडून नवी इमारत होणार आहे आणि ३० जूनला किल्ल्या द्यायच्या आहेत. नव्या इमारतीत गाळा मिळेल, पण तोवर मी सत्तरी ओलांडलेली असेन, आणि माळ्यावरून परात काढायला आत्ताच शिडीवर मदतनीस चढवावा लागतो. मुलगी भूलतज्ज्ञ आहे. तिनं ते सोडून घंगाळं विकावीत असं तिला वाटत नाही, मलाही नाही. वडिलांनी १९६४ साली दुकान मांडलं. बासष्ट वर्षं पुष्कळ झाली.

आता मुद्द्याचं.

स्टीलवर सरसकट ३० टक्के सूट. डबे, पातेली, कुकरमधली भांडी, वाट्या-पेले, ओगराळी, झारे, सगळं त्यात आलं. ॲल्युमिनियमची पातेली आणि हिंडालियमच्या कढया ३५ टक्के कमी. किमतीच्या चिठ्ठ्या जुन्याच आहेत. आधी वाढवून मग कापलेल्या नाहीत. कित्येक डब्यांवर माझ्याच अक्षरातली पिवळी पडलेली चिठ्ठी दिसेल.

तांब्या-पितळेचं गणित वेगळं आहे, ते नीट वाचा. ही भांडी वजनावर जातात. त्या दिवशीचा धातूचा दर, वर घडणावळ. धातूच्या दरात सूट देतो म्हणणारा कुठेतरी वजनात किंवा जाडीत ती वसूल करतो. आम्ही घडणावळ पूर्ण माफ केली आहे. ठोक्याच्या भांड्यात घडणावळ चांगलीच असते, त्यामुळे फरक किती पडतो ते काट्यावरच बघा. दर रोज सकाळी फळ्यावर लिहिलेला असतो. घरातली जुनी फुटकी भांडी मोडीत आणलीत तर त्यांचंही वजन तुमच्यासमोरच होईल. मोड मात्र ७ जूनपर्यंतच घेऊ, कारण नंतर ती आम्ही तरी कुठे ठेवणार?

शेवटच्या दिवशी भाव आणखी उतरेल म्हणून थांबू नका. उतरणार नाही. १४ तारखेला सूट हीच असेल, फक्त तुम्हाला हवं ते भांडं नसेल. जे उरेल ते एका व्यापाऱ्याला एकगठ्ठा द्यायचं ठरलेलं आहे. त्यामुळे माल अंगावर पडेल या भीतीनं आम्ही काही फुंकून टाकत नाही.

काल रात्री मोजलं तेव्हाचा हिशोब असा. मठारकाम केलेली तांब्याची घंगाळं ९. समयांचे जोड १४, त्यातले ४ मोठे, मोराचे. पितळी पराती बऱ्याच आहेत, पण पुरणपोळीची कणीक तिंबायला लागते तशी रुंद फक्त ६. पुरणयंत्रं २२. पितळी सोऱ्या ११. चकतीसकट आहेत, तरी घेताना सगळ्या चकत्या मोजून घ्या. मोदकपात्रं तांब्याची ५, स्टीलची भरपूर. बंब २. बंब आता पाणी तापवायला कुणी नेत नाही, दिवाणखान्यात ठेवायला नेतात. न्या. पण तोटी चालू आहे, एवढं लक्षात असू द्या.

ताम्हणं आणि निरांजनं सगळ्यात आधी संपतील. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं म्हणून ताट, ताम्हण, दिवा यांची मागणी एप्रिलपासूनच सुरू झालीय. २०२३ च्या अधिकात ऐन वेळी आलेल्या निम्म्या लोकांना मी रिकाम्या हाती परत पाठवलं होतं. पुढचा अधिक २०२९ ला येईल, तेव्हा इथे दुकान नसेल.

भांड्यावर नाव घालून देणं फुकट, नेहमीसारखंच. कोरणारे काका फक्त शनिवार-रविवारी, ११ ते ५ बसतात. नाव कागदावर लिहून आणा. ‘सौ.’ आणि तारीख हवी की नको हे घरी ठरवून या. काउंटरवर त्यावरून झालेली भांडणं मी बासष्टपैकी निदान चाळीस वर्षं ऐकली आहेत.

ज्यांची भांडी कल्हईला आमच्याकडे पडली आहेत त्यांनी कृपा करून घेऊन जावीत. अकरा आहेत. एका तपेल्यावर ‘कमल, १९७१’ एवढंच कोरलंय, पावती सापडत नाही. ओळख पटवा आणि न्या, कल्हईचे पैसे नकोत. नवीन कल्हईचं काम ३१ मेनंतर घेणार नाही. आणि पितळेची नवी कढई नेणाऱ्यांना, विशेषतः फोटो बघून हौसेनं येणाऱ्या तरुण मंडळींना सांगणं: कल्हई केल्याशिवाय त्यात आमटी, कढी, चिंचेचं, टोमॅटोचं काही शिजवू नका. चिंच, मीठ आणि राखेनं घासायचं ते बाहेरून.

बदलून हवं असेल तर बिलासकट ७ जूनपर्यंत. त्यानंतरची विक्री पक्की. ठोका पडलेल्या, डाग असलेल्या वस्तू वेगळ्या फळीवर आहेत, अर्ध्या किमतीत. दोष काय तो चिठ्ठीवर लिहिलाय. फोनवरून ‘बाजूला काढून ठेवा’ असं सांगू नका. निम्मे पैसे भरलेत तर दोन दिवस ठेवू, तिसऱ्या दिवशी भांडं परत फळीवर आणि पैसे तुम्हाला परत. कुरिअर करत नाही. रोख, कार्ड, यूपीआय सगळं चालतं. उधारी चालत नाही. जुनी ज्यांची आहे त्यांना माहीत आहे, आणि मलाही.

येताना शक्यतो चारचाकी आणू नका. आळीत उभी करायला जागा नाही, आणि बोहरी आळीकडून आलात तर संध्याकाळी अडकाल. मंडई किंवा कसबा पेठ मेट्रो स्थानकातून चालत या. जड परात, बंब वगैरे घेतलं तर रिक्षापर्यंत आमचा माणूस आणून देईल.

सकाळी १० ते रात्री ८.३०. दुपारी १.३० ते ४ बंद, हे शेवटच्या दिवसापर्यंत बदलणार नाही. १४ जूनपर्यंत एकही दिवस सुट्टी नाही.

नेहमीच्या गिऱ्हाइकांनी काही घ्यायचं नसलं तरी डोकावून जा. सकाळी अकराच्या सुमाराला चहा येतो.