साडीच्या तीन दुकानांतलं ‘थांबा, विचारून सांगतो’ कसं बंद झालं

दादर, ठाणे, बोरिवली अशी तीन दुकानं आणि स्टॉकच्या वह्याही तीन. गिऱ्हाईक आंबा रंगाची पैठणी मागायचं, दादरला ती नसायची. मग ठाण्याला फोन. तिथला माणूस माळ्यावर चढून शोधेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. लग्नसराईत हे रोजचंच.

आम्ही तिन्ही दुकानांचा स्टॉक एकाच सॉफ्टवेअरवर आणला. आता काउंटरवरचा विक्रेता मोबाइलवर प्रकार आणि रंग टाकतो. कुठे किती नग आहेत ते तिथल्या तिथे दिसतं. साडी ठाण्याला असेल तर ती लगेच बाजूला ठेवली जाते. बिल झालं की नग आपोआप वजा होतो, म्हणून रात्री शटर ओढल्यावर वह्या जुळवत बसावं लागत नाही. मालकांना कौतुक याचंच जास्त: शेवटच्या लोकलमागची धावपळ संपली.

जुन्या नोंदी आम्ही सुट्टीच्या सोमवारी भरल्या, त्यामुळे धंदा थांबला नाही. नेट गेलं तरी बिलं निघतात. आतलं तंत्र विचारलंत तर जरूर सांगू. या मालकांनी विचारलं नाही.

तुमचीही एकाहून जास्त दुकानं असतील, तर बोलवा. तुमच्याच काउंटरवर, तुमच्याच मालावर करून दाखवू.